बहिणीचं स्त्रीबीज चालेल का? डोनर एग आणि डोनर स्पर्म नेमकं कसं काम करतं

आमच्या जतमधून मिरज-सांगलीला आयव्हीएफसाठी जाणारी जोडपी मी बघतो. डॉक्टर 'डोनर एग लागेल' म्हणाले, की घरात पहिला प्रश्न हाच निघतो: "बाहेरचं कशाला? धाकट्या बहिणीचं घेऊ की!"

असं एका घरात झालंही होतं. ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. धाकट्या बहिणीने स्त्रीबीज दिलं, सरोगसीतून 2019 मध्ये जुळ्या मुली झाल्या. पुढे नवरा-बायको वेगळे झाले. मुली नवऱ्याकडे, आणि ती बहीणही त्याच घरात राहायला. नवऱ्याचं म्हणणं असं, की खरी आई बहीण, बायकोला मुलींवर हक्क नाही. ऑगस्ट 2024 मध्ये न्यायालयाने ते फेटाळलं: बीज देणारी फार तर जनुकीय आई, कायद्याने पालक नाही. बायकोला मुलींना भेटायची परवानगी मिळाली.

आता 2021 चा एआरटी कायदा आहे. दाता शोधणं, तपासणं, नोंद ठेवणं हे काम नोंदणीकृत एआरटी बँकेचं. स्त्रीबीज देणारी 23 ते 35 वर्षांची, शुक्राणू देणारा 21 ते 55 वर्षांचा. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस या तपासण्या होतात. एका दात्याचं बीज एकाच जोडप्याला. म्हणजे "बहिणीला घेऊन येतो, काढा तिचं" असं परस्पर ठरवता येत नाही. मला हे बरोबर वाटतं, कारण घरातल्या बाईला 'नाही' म्हणणं किती अवघड असतं ते आपल्याला माहीत आहे.

शुक्राणूंचं काम त्यामानाने सोपं. नमुना द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांवर गोठवतात. लागण अगदी ताजी असेल तर तपासणीत दिसत नाही, म्हणून काही महिन्यांनी दात्याची पुन्हा तपासणी करूनच तो वापरायची पद्धत आहे. मग बीज सुटायच्या वेळी बारीक नळीने गर्भाशयात सोडतात, किंवा लॅबमध्ये वापरतात.

स्त्रीबीजाचं तसं नाही. दात्या बाईला साधारण 10-12 दिवस रोज हार्मोनची इंजेक्शनं, मधेमधे सोनोग्राफी, शेवटी एक ट्रिगर इंजेक्शन. त्यानंतर 34 ते 36 तासांत थोडी भूल देऊन योनीमार्गातून सुईने बीजं काढतात. उशीर झाला तर बीजं आधीच सुटून जातात, म्हणून वेळ घड्याळ लावून पाळतात. नंतर पोट फुगत चाललं, वजन झपाट्याने वाढलं, लघवी कमी झाली, दम लागला, तर लगेच हॉस्पिटल गाठायचं. अंडाशय प्रमाणाबाहेर उत्तेजित झाल्याची ही लक्षणं, दुर्लक्ष केलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणूनच कायद्यात दात्या बाईसाठी 12 महिन्यांचा विमा आहे. शिवाय आयुष्यात एकदाच दान, आणि सातच बीजं.

सात म्हणजे सात बाळं नव्हेत. समजा सातांतली सहा पक्व निघाली, नवऱ्याच्या शुक्राणूंशी चार फळली, पाचव्या दिवसापर्यंत दोन भ्रूण टिकले. इकडे बायकोला गोळ्यांनी गर्भाशयाचं अस्तर जाड करून ठेवलेलं असतं. त्यात भ्रूण सोडतात आणि साधारण दोन आठवड्यांनी रक्ततपासणी. ती निगेटिव्हही येते.

या सगळ्याआधी समुपदेशन होतं, आणि अनेक जण ते 'सही करायचा कागद' समजून उरकतात. तिथे यशाची शक्यता, खर्च, धोके तर सांगायलाच हवेत. पण खरे प्रश्न वेगळेच असतात. बाळाचा चेहरा आपल्यासारखा नसेल हे पटलंय का? सासूला सांगणार? बाळाला सांगणार, आणि कधी? चांगला समुपदेशक नवरा-बायकोशी वेगवेगळंही बोलतो, कारण एकत्र बसल्यावर एक जण बोलतो आणि दुसरा मान हलवतो. भ्रूण गर्भाशयात सोडेपर्यंत संमती मागे घेता येते. बाळ झाल्यावर मात्र ते कायद्याने त्या जोडप्याचंच. दात्याला हक्क नाही.

आता तुमच्या फोनबद्दल. इन्स्टा किंवा व्हॉट्सॲपवर 'एग डोनेट करा, पैसे मिळवा' असा मेसेज आला आणि मधला माणूस आधार मागत असेल, तर तिथेच थांबा. बीजांची खरेदी-विक्री आणि दलालामार्फत दाते मिळवणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी 5 ते 10 लाख दंड, पुन्हा केला तर 3 ते 8 वर्षं कैद. दुसऱ्याच्या आधारवर पुन्हा पुन्हा इंजेक्शनं घेतलेल्या मुलीला त्रास झाला, तर खऱ्या नावावर विम्याचा कागदसुद्धा नसतो. क्लिनिक किंवा बँक नोंदणीकृत आहे का, हे artsurrogacy.gov.in वर बघा, आणि गेल्यावर नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवायला सांगा.