‘माझा हक्क आहे’ म्हणजे नक्की काय आहे?

पुण्या-मुंबईत भाड्याने राहणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या फायलीत अकरा महिन्यांचा एक लिव्ह अँड लायसन्सचा करार असतो. एजंटाने छापून आणलेला, अंगठे-फोटो झालेला, आणि दोघांनीही न वाचलेला. वाद झाला की मात्र दोघेही त्याच कागदावर बोट ठेवून म्हणतात, ‘माझा हक्क आहे.’ घर माझं आहे, तेव्हा हक्क माझा, असं मालकीणबाई म्हणतात. पैसे भरतो, तेव्हा हक्क माझा, असं राहणारा म्हणतो. गंमत अशी की बऱ्याचदा दोघेही खरं बोलत असतात, फक्त वेगवेगळ्या गोष्टींबद्दल.

ही गुंतागुंत वेस्ली हॉफेल्ड नावाच्या अमेरिकन कायदेपंडिताने सोडवून दाखवली. १९१३ साली ‘येल लॉ जर्नल’मध्ये त्याचा एक लेख आला. तेव्हा तो कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डला शिकवत होता, नंतर येलला गेला आणि १९१८ मध्ये, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी वारला. लिखाण थोडं आणि वाचायला कडू. पण त्याचं म्हणणं साधं होतं. न्यायाधीश आणि वकील ‘हक्क’ हा एकच शब्द चार निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतात आणि त्यातून चुकीचे निष्कर्ष निघतात. कोणती गोष्ट आहे हे ओळखायचं तर हक्क सांगणाऱ्याकडे नव्हे, समोरच्याकडे बघायचं. याचा हक्क म्हणजे त्याच्यावर नक्की काय आलं?

आपला करारच घेऊ. सदनिका एका काकूंची. राहायला आलेला मुलगा नोकरीनिमित्त गावाहून आलेला. दरमहा १८,००० रुपये, अनामत ५०,०००, मुदत अकरा महिने, दोन्ही बाजूंना एक महिन्याची नोटीस. गिझर, पंखे यांची मोठी दुरुस्ती काकूंकडे, असं करारात लिहिलेलं.

डिसेंबरात गिझर बंद पडला. इथे मुलाचा हक्क आहे, आणि तो सगळ्यात सरळ प्रकारचा आहे. त्याचा हक्क म्हणजे काकूंचं कर्तव्य, एकाच नाण्याच्या दोन बाजू. काकूंनी दुरुस्ती करून दिली नाही तर त्यांनी काहीतरी चुकीचं केलं, असं कायदा म्हणेल. त्याच हिशेबाने दर पाच तारखेला १८,००० रुपये मिळण्याचा हक्क काकूंचा आणि ते देण्याचं कर्तव्य मुलाचं. एक लक्षात ठेवायचं. हा हक्क फक्त काकूंविरुद्ध आहे. सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गिझरची तक्रार घेऊन गेलं तर तो खांदे उडवेल, आणि ते बरोबरच असेल.

आता पार्किंग. खरी गोची इथे आहे.

घर दाखवताना काकू म्हणाल्या होत्या, ‘खाली जागा असली तर गाडी लावत जा, आमची काही हरकत नाही.’ मुलगा रोज स्कूटर खांबाशेजारी लावू लागला. चार महिने झाले आणि एका संध्याकाळी तिथे तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या पाहुण्यांची गाडी उभी. मुलगा चिडून काकूंना म्हणतो, ‘काकू, माझा पार्किंगचा हक्क आहे ना?’

हॉफेल्डचं उत्तर असं आलं असतं की बाबा, तुझ्याकडे मोकळीक आहे, हक्क नाही. मोकळीक म्हणजे ती गोष्ट केलीस तर तू काही चुकीचं करत नाहीस, आणि तू ती करू नयेस असा हक्क काकूंना राहिलेला नाही. बस, एवढंच. जागा रिकामी ठेवण्याचं कर्तव्य कुणावर आलेलं नाही. काकूंवर नाही, पाहुण्यांवर तर नाहीच. पाहुण्यांना सोसायटीने तीच मोकळीक दिलेली असेल तर त्या जागेवर दोघांची मोकळीक एकाच वेळी असू शकते. आधी येईल त्याची गाडी लागेल आणि नंतर येणाऱ्याने कुरकुर करण्यापलीकडे काही करायचं नाही. दोन माणसांचे एकाच जागेवरचे दोन पूर्ण हक्क असे शेजारी शेजारी नांदू शकत नाहीत. दोन मोकळिकी मात्र बिनधास्त नांदतात. सार्वजनिक बागेतल्या बाकावर आपण सगळे अशाच मोकळिकीने बसतो.

हॉफेल्डने यासाठी जॉन चिपमन ग्रे या दुसऱ्या पंडिताचं उदाहरण उचललं होतं. कोळंबीच्या सॅलडचा मालक म्हणतो, जमलं तर खा, माझी परवानगी आहे. पण मी अडवणार नाही असं वचन देत नाही. खाणाऱ्याने खाल्लं तर चोरी नाही. मालकाने बशी आधीच उचलली तर तक्रार नाही. काकूंचं ‘जागा असली तर’ हे तेच. काही वेळा मोकळिकीला हक्काचं कुंपणही असतं. करारात ‘क्रमांक इतक्याचं पार्किंग राहणाऱ्यास दिलं आहे’ असं लिहिलं असतं, तर ती जागा उपलब्ध करून देण्याचं कर्तव्य काकूंवर आलं असतं. तोंडी ‘लावत जा’ आणि लेखी ‘दिलं आहे’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि भांडणं निम्मी याच फटीतून येतात.

आपल्या कायद्यातली ‘लायसन्स’ ही कल्पनाही मुळात या मोकळिकीवरच उभी आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ नुसार लायसन्स म्हणजे जी गोष्ट परवानगीशिवाय बेकायदा ठरली असती ती करण्याची मुभा, मालमत्तेत हितसंबंध निर्माण न करता दिलेली. तिथेही त्या मुभेला ‘हक्क’च म्हटलंय, कायदे लिहिणारेही या सवयीतून सुटलेले नाहीत.

पुढे मार्चमध्ये मुलाची बदली झाली. त्याने एक महिन्याची लेखी नोटीस दिली. काकू म्हणाल्या, ‘मला मान्य नाही, मुलांच्या परीक्षा आहेत, नवा माणूस कुठून आणू?’ काकूंची अडचण खरी असेल, पण मान्यता इथे कुणी मागितलेलीच नाही. नोटीस हा तिसरा प्रकार आहे, त्याला अधिकार म्हणू. दोघांमधलं कायदेशीर नातं आपल्या एका कृतीने बदलून टाकण्याची क्षमता, ती करारातल्या नोटिशीच्या कलमातून आली. अधिकार वापरला गेला की समोरच्याने काही करायचं नसतं, काही मोडायचंही नसतं. त्याची स्थिती आपोआप बदलते. हॉफेल्ड या स्थितीला बांधिलकीसारखं नाव देतो, पण तिचा अर्थ देणं लागणं नव्हे. समोरच्याच्या हातात आपलं नातं बदलण्याची दोरी असणं एवढाच.

कर्तव्य आणि ही स्थिती ओळखायची सोपी खूण आहे. समोरचा ‘नाही’ म्हणाला आणि त्यामुळे त्याने काही मोडलं, तर आधी त्याच्यावर कर्तव्य होतं. ‘नाही’ म्हणूनही काही फरक पडला नाही, तर तुमच्याकडे अधिकार होता.

आता समजा बदली झालीच नाही, मुलगा राहिलाच. पाचव्या महिन्यात काकूंचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला, ‘पुढच्या महिन्यापासून वीस हजार.’ इथे मुलाकडे चौथी गोष्ट आहे, उन्मुक्ती. करार चालू असताना आकडा एकतर्फी बदलण्याचा अधिकार काकूंना नाही. मेसेज पाठवून त्यांनी काही गुन्हा केला असं नाही. तो नुसता निष्फळ आहे. हा फरक महत्त्वाचा आहे. हक्क मोडता येतो आणि मग नुकसानभरपाई मागता येते. उन्मुक्ती मोडता येतच नाही, कारण समोरच्याच्या हातात ती मोडण्याचं साधनच नसतं. मात्र काकूंचा मेसेज अगदीच रिकामा नाही. तो प्रस्ताव आहे, आणि प्रस्ताव आला की स्वीकारायचा अधिकार मुलाकडे येतो. त्याने घाईत ‘हो काकू’ लिहिलं तर त्याने स्वतःच आपलं कवच सैल केलं. नोंदणीकृत करार अशा मेसेजने बदलतो का, हा वकिलांचा वेगळा वाद. पण तो वाद ओढवून घेण्यापेक्षा ‘करार संपल्यावर बोलू’ लिहिलेलं बरं.

अकरा महिने संपले की कवचही संपतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ नुसार मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याला मासिक रकमेच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते, आणि मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताबा मागता येतो. कालपर्यंत घरात राहण्याची मोकळीक होती. आज घर सोडण्याचं कर्तव्य. मधे कुणी काही केलं नाही, फक्त तारीख उलटली.

घटनेतल्या मूलभूत हक्कांकडेही या नजरेने बघता येतं. ते आपण हक्क म्हणतो, पण कलम १३ सांगतं की ते हिरावणारा कायदा राज्याने करू नये, आणि केलाच तर तो तेवढ्यापुरता निरर्थक. म्हणजे नागरिकाची बाजू बरीचशी उन्मुक्तीची आहे आणि सरकारची बाजू असमर्थतेची. पण हा विषय एका लेखात मावणारा नाही.

सगळ्यात बोचरा प्रसंग विक्रीचा. करार चालू असताना काकूंनी सदनिका विकली. मुलगा म्हणतो, ‘विकूच शकत नाही, मी राहतोय!’ इथे नेहमीची चूक होते. विकण्याचा अधिकार मालकीतून येतो आणि तो शाबूत आहे. विकणार नाही असं वचन काकूंनी दिलं असतं, तरी विक्री सहसा रद्द झाली नसती. काकूंनी वचन मोडलं एवढंच झालं असतं. अधिकार असणं आणि तो वापरण्याची मोकळीक असणं या दोन गोष्टी सुट्या सुट्या असतात.

आणि नवा मालक? सुविधाधिकार कायद्याचं कलम ५९ म्हणतं की मालमत्ता घेणारा केवळ घेणारा म्हणून जुन्या लायसन्सला बांधील नाही. भाडेपट्टा असता तर चित्र वेगळं असतं, कारण भाडेपट्ट्यात मालमत्तेतलाच एक हितसंबंध दिलेला असतो आणि तो घराबरोबर पुढे जातो. म्हणूनच ‘लायसन्स की भाडेपट्टा’ हा प्रश्न १९५९ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेव्हा न्यायालयाने सांगितलं की कागदाच्या मथळ्याकडे नव्हे, दोघांनी खरोखर काय द्यायचं-घ्यायचं ठरवलं होतं याकडे बघायचं.

तेव्हा मुलाने नव्या मालकाशी ‘माझा हक्क’ म्हणून हुज्जत घालण्यात अर्थ नाही. कलम ६३ प्रमाणे सामान हलवायला वाजवी वेळ त्याने जरूर मागावा. आपली काही चूक नसताना मुदतीआधी घराबाहेर पडावं लागलं, तर भरपाईची मागणी कलम ६४ खाली करायची, आणि ती काकूंकडे. अनामतीचे ५०,००० सुद्धा काकूंनीच घेतले होते, तेव्हा परत करण्याचं कर्तव्य त्यांचंच. विक्रीच्या गडबडीत काकू म्हणतील, ‘ते आता नव्या मालकांकडून घे रे, त्यांच्याशी बोलणं झालंय.’ त्या बोलण्याचा मुलाला काही उपयोग नाही. नव्या मालकाने ती रक्कम देण्याची जबाबदारी घेतल्याचं सहीनिशी लिहून दिलं असेल तर गोष्ट निराळी. नसेल तर काकूंकडून चेक हातात पडेपर्यंत किल्ली देण्याची घाई करू नये.