पिंपात ढवळणे : मिसळण्यास मिनिटे नव्हे, फेऱ्या मोजाव्या

फवारणीचे किंवा ठिबकातून द्यावयाच्या खताचे द्रावण तयार करताना बहुतेक ठिकाणी दोनशे लिटरचे पिंप आणि एक लांब काठी एवढीच सामग्री असते. मजूर काठी पिंपाच्या कडेकडेने गोल फिरवितो, पाणी गरगरू लागते, मध्यभागी भोवऱ्याचा खड्डा पडतो, आणि पाहणाऱ्यास द्रावण उत्तम ढवळले गेले असे वाटते. पुष्कळदा ते ढवळले गेलेले नसते. ओतलेले तीव्र द्रावण पाण्याहून जड असल्याने तळाशी राहते. तोटीतून प्रथम तेच निघते आणि मागून सौम्य पाणी येते. एका ओळीतील पाने करपतात, दुसऱ्या ओळीवरील रोग मात्र तसाच राहतो. दोष औषधाला दिला जातो.

याची परीक्षा शेतकरी बंधूंना स्वतः करता येईल. पिंपात साधे स्वच्छ पाणी घ्यावे. पेलाभर पाण्यात एक ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट विरघळवून ते पिंपात एका बाजूस ओतावे आणि काठीने नेहमीप्रमाणे गोल ढवळावे. थोड्या थोड्या वेळाने तीन ठिकाणचे पाणी काचेच्या पेल्यांत काढावे : वरचे, मधले, आणि तळाजवळील कडेचे. तळाचे पाणी काढण्यासाठी नळीचे वरचे तोंड अंगठ्याने बंद करून ती खाली सोडावी, अंगठा क्षणभर उचलावा, पुन्हा दाबून नळी वर घ्यावी. तिन्ही पेले पांढऱ्या कागदासमोर धरले म्हणजे गुलाबी रंगातील फरक चटकन दिसतो. तिन्हींचा रंग सारखा झाला म्हणजे मिश्रण झाले, असे समजावे.

गोल ढवळण्याने रंग लवकर का पसरत नाही? याचे कारण असे की, सर्व पाणी एकत्रच फिरते. चाकाचे आरे जसे एकमेकांस न ओलांडता फिरतात, तसेच पाण्याचे शेजारचे थर एकमेकांबरोबर फिरत राहतात. रंगाची कडी पिंपाभोवती प्रदक्षिणा घालते, परंतु वरचे पाणी खाली जात नाही आणि खालचे वर येत नाही. गती पुष्कळ आणि मिश्रण थोडे, अशी ही स्थिती होय. भोवऱ्याचा खड्डा खोल झाल्यास त्यातून हवाही ओढली जाते, व द्रावणात साबण किंवा चिकटद्रव्य असेल तर पिंप फेसाने भरते.

ही एकत्र फिरणारी गती मोडण्याचा उपाय अगदी साधा आहे. पिंपाच्या आतल्या बाजूस, समान अंतरावर, चार उभ्या पट्ट्या बसवाव्या. यंत्रकार यांना बॅफल म्हणतात. आपण अडपट्ट्या म्हणू. पट्टीची रुंदी पिंपाच्या व्यासाच्या सुमारे दहावा ते बारावा भाग असावी. म्हणजे ५७ सें.मी. व्यासाच्या नेहमीच्या पिंपास सुमारे ५ सें.मी. रुंदीची पट्टी पुरते. पट्टी भिंतीस अगदी चिकटवू नये. सुमारे १ सें.मी. फट ठेवावी, नाहीतर तिच्या मागच्या कोपऱ्यात गाळ साचतो. प्लॅस्टिकच्या पिंपास भोके पाडण्याची आवश्यकता नाही. चार पट्ट्यांची चौकट बांधून ती वरून पिंपात सोडता येते आणि धुण्यासाठी बाहेर काढता येते. मोरचुदाच्या द्रावणासाठी मात्र चौकटीत लोखंड वापरू नये.

गोल फिरणारे पाणी पट्टीवर आदळले की त्यास वर किंवा खाली वळावे लागते. आता काठीऐवजी दांड्यावर चार तिरप्या पात्यांचा पंखा बसवून तो मोटारीने फिरविला, तर पाणी मध्यभागी खाली ढकलले जाते, तळावरून कडेकडे जाते, पट्ट्यांलगत वर चढते आणि पुन्हा मध्यभागी येते. पंख्याचा व्यास पिंपाच्या व्यासाच्या एक तृतीयांश, म्हणजे १९ सें.मी., घ्यावा आणि तो तळापासून तितक्याच उंचीवर ठेवावा. पट्ट्या बसविणे शक्य नसेल तर दांडा मध्यभागी न ठेवता बाजूस व किंचित तिरपा लावावा. त्यानेही भोवरा बराच मोडतो.

आता वेगाचा विचार करू. पिंपात ५७ सें.मी. उंचीपर्यंत, म्हणजे सुमारे १४५ लिटर पाणी आहे असे धरा. अडपट्ट्या असलेल्या अशा पिंपात वरील पंख्याच्या साधारण ४३ फेऱ्या झाल्या की रंग ९५ टक्के सारखा होतो. पंखा सावकाश फिरवा की जलद, फेऱ्यांची संख्या जवळजवळ तीच राहते. मिनिटास १५० फेरे असतील तर सुमारे १७ सेकंद लागतात. ३०० फेरे असतील तर ९ सेकंदांहून थोडे कमी. प्रत्यक्ष कामात याच्या तीन-चार पट वेळ ढवळणे शहाणपणाचे, कारण घरगुती पंखा काटेकोर मापाचा नसतो. पिंप काठोकाठ भरले असेल तर वरच्या थरापर्यंत एका पंख्याचा प्रवाह नीट पोहोचत नाही. त्यासाठी त्याच दांड्यावर वर दुसरा पंखा लावावा.

मग वेग वाढवावयास हरकत काय? हरकत शक्तीची आहे. वेग दुप्पट केला की लागणारी शक्ती दुप्पट नव्हे, तर आठपट होते. वरील पिंपात १५० फेऱ्यांस पाण्याला सुमारे ५ वॅट द्यावे लागतात, तर ३०० फेऱ्यांस ४० वॅट. आठ-नऊ सेकंद वाचविण्यासाठी मोठी मोटार घेणे मला तरी पटत नाही. तोच पैसा पट्ट्यांवर खर्च करावा.

हा फेऱ्यांचा हिशेब पाण्यासारख्या पातळ द्रवासच लागू पडतो. सन १८८३ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स या इंग्लंडातील शास्त्रज्ञाने काचेच्या नळीतील पाण्यात रंगाची बारीक धार सोडून दाखविले की, मंद गतीत ती धार दोऱ्यासारखी सरळ राहते, आणि गती एका मर्यादेपलीकडे गेली की विस्कटून सर्व नळीभर पसरते. ही मर्यादा गतीवर, नळीच्या मापावर व द्रवाच्या दाटपणावर अवलंबून असते. या तिन्हींवरून काढलेल्या अंकास रेनॉल्ड्स अंक म्हणतात. ढवळण्याच्या पिंपात तो दहा हजारांच्या वर असेल तर प्रवाह पूर्ण खळबळीचा समजतात. आपल्या पिंपातील पाण्यास १५० फेऱ्यांवर तो सुमारे ९० हजार येतो. म्हणून रंग इतक्या लवकर पसरतो.

त्याच पिंपात पाण्याऐवजी घट्ट काकवी भरली तर? तिचा दाटपणा, ज्यास शास्त्रात श्यानता म्हणतात, पाण्याच्या पाच हजार पट धरला तर तोच अंक अवघा २५ च्या आसपास उतरतो. पंख्याभोवतालचा गोळा तेवढा फिरतो आणि कडेची काकवी जागच्या जागी राहते. अडपट्ट्या येथे उपकारक तर नाहीतच, उलट त्यांच्यामागे काकवी अडकून पडते. इतक्या दाट द्रवासाठी भिंतीजवळून फिरणारे रुंद पाते व मंद गती हवी.

शेतावर असे पाते सहसा नसते. जिवाणूंच्या द्रावणासाठी काकवी पाण्यात मिसळावयाची असेल, तर ती सरळ पिंपात ओतू नये. जड व दाट असल्याने ती तळाशी थापीसारखी बसते, आणि वरचे पाणी कितीही खवळले तरी तिच्या पृष्ठभागावरूनच थोडी थोडी विरघळते. प्रथम बादलीत तिच्या दुप्पट कोमट पाणी घेऊन तिला पातळ करावे. ऊब आणि पाणी या दोहोंनी दाटपणा झपाट्याने उतरतो. नंतर हे पातळ केलेले मिश्रण पंखा चालू असताना, दांड्याजवळ, बारीक धारेने सोडावे. कडेस ओतू नये. जिवाणू मात्र पाणी निवल्यावरच घालावेत.

वर दिलेल्या फेऱ्या पूर्ण विरघळणाऱ्या पदार्थांच्या आहेत. पाण्यात न विरघळता तरंगत राहणाऱ्या भुकटीचे तसे नाही. तिचे कण पंखा थांबताच पुन्हा खाली बसू लागतात. म्हणून अशा औषधाचे पिंप रिकामे होईपर्यंत पंखा मंद का होईना, पण चालूच ठेवावा लागतो.