पंचावन्नाव्या वर्षी घर की भाडं?

सोसायटीतल्या कट्ट्यावर हा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: "भाडं म्हणजे पाण्यात गेलेले पैसे." तिशीतल्या माणसाला ते बरंचसं लागू पडतं. कर्ज फेडायला त्याच्यापुढे पंचवीस वर्षांची कमाई असते. पंचावन्नाव्या वर्षी गणित उलटतं. पगाराची तीनेक वर्षं उरलेली असतात, आणि घरात घातलेला रुपया महिन्याच्या किराण्याला उपयोगी पडत नाही.

एक उदाहरण मांडून पाहू. पुण्यात कोथरूडला भाड्याने राहणारं जोडपं. नोकरी खासगी, निवृत्ती अठ्ठावन्नाव्या वर्षी. पीएफ, ठेवी, म्युच्युअल फंड मिळून तेव्हा हातात १ कोटी ३० लाख असतील. भाडं २६ हजार. बाकीचा घरखर्च, पीएफची तुटपुंजी पेन्शन वजा जाता, ४० हजार. आजूबाजूच्या पंचवीस वर्षं जुन्या इमारतीत तसाच दोन बेडरूमचा फ्लॅट ८५ लाखांना मिळतोय.

पण ८५ लाख ही फक्त सांगितलेली किंमत. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे जवळपास ६ लाख. नोंदणीचे ३० हजार. मग दलाली, रंग, ग्रिल, ओट्याचं काम. ९५ लाख धरून चाला. हातात उरले ३५.

आता गृहीत धरू की खर्च आणि भाडं वर्षाला ६ टक्क्यांनी वाढतात आणि गुंतवणुकीवर कर जाऊन साडेसात टक्के मिळतात. घर घेतलं तर महिन्याला घरखर्चाचे ४० हजार आणि मेंटेनन्स, घरपट्टीचे चारेक हजार. ३५ लाख सात वर्षांत संपतात. म्हणजे पासष्टीला घर स्वतःचं, खातं रिकामं. तेव्हा घर विकावंच लागेल. किंमत दरसाल ५ टक्क्यांनी वाढली असं मानलं तरी १ कोटी २० लाखांच्या आसपास येतील, आणि वाढलेल्या भाड्यासकट ते पैसे पंचाहत्तरीच्या पुढे फार तर वर्षभर पुरतील.

भाड्यानेच राहिलं तर? सगळी रक्कम गुंतवलेली, खर्च ६६ हजार. ती शहात्तर-सत्त्याहत्तरपर्यंत पुरते. मग तीही संपते.

मी हे आकडे पहिल्यांदा मांडले तेव्हा दोनदा तपासले. दोन्ही वाटा साधारण एकाच वयाला एकाच खड्ड्यात जातात! कारण इथे खरा तुटवडा घराचा नाही, पैशाचा आहे. १ कोटी ३० लाख ही रक्कम कोथरूडमधलं दोन बेडरूमचं आयुष्य ऐंशीच्या पुढे नेण्याएवढी मोठी नाही, मग ते मालकाचं असो की भाडेकरूचं.

म्हणून तिसरी वाट. तळेगाव किंवा साताऱ्याला ४५ लाखांचं घर, खर्च धरून ५०. उरतात ८० लाख. तिथे घरखर्च ३५ हजारांत भागला आणि मेंटेनन्सचे ३ हजार धरले, तर पैसे अठ्ठ्याहत्तरपर्यंत पुरतात, आणि तेव्हाही घर विकायला शिल्लक असतं. माझा स्वतःचा ठोकताळा याच उदाहरणातून आला: निवृत्तीच्या वेळी जमलेल्या रकमेतला चाळीस टक्क्यांहून जास्त हिस्सा घरात अडकत असेल, तर ते घर आपल्यासाठी महाग आहे. ज्यांना सरकारी पेन्शन आहे त्यांनी हा ठोकताळा खुशाल मोडावा. त्यांचा किराणा पेन्शनमधून येतो.

"कमी पडले तर कर्ज काढू," असं म्हणणाऱ्यांनी हप्ता आधी काढून पाहावा. नोकरदाराला बँक सहसा निवृत्तीच्या वयापर्यंतच मुदत देते. पाच वर्षं मिळाली असं धरलं, तरी ३० लाखांना साडेआठ टक्क्यांनी महिन्याला साडेएकसष्ट हजार होतात. बचतीची शेवटची चांगली वर्षं त्यात जातात. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घर घेतलं आणि ताबा लांबला, तर हप्ता आणि भाडं दोन्ही चालू राहतात.

जुन्या इमारतीत आणखी एक गोष्ट पाहायची: कन्व्हेयन्स झालंय का आणि पुनर्विकासाची बोलणी कुठवर आलीत. पुनर्विकास फायद्याचा असतो, पण साठीनंतर दोन-तीन वर्षं दुसरीकडे राहायची तयारी लागते. आणि लिफ्ट. दुसरा मजला पंचावन्नाला काहीच नसतो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तोच मजला डोंगर होतो.

भाड्याच्या बाजूची खरी अडचण पैशाची नाही, बिऱ्हाड हलवण्याची आहे. मालकाचा मुलगा परत येतो, मालक फ्लॅट विकायला काढतो, आणि सत्तरीत पुन्हा खोकी बांधावी लागतात. आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवावाच लागतो आणि तो जास्तीत जास्त ६० महिन्यांचा होतो. बहुतेक लोक अकरा महिन्यांवर सही करतात, कारण दलाल तोच मसुदा पुढे सरकवतो. निवृत्ताने ३६ किंवा ६० महिन्यांचा मागावा, मालकालाही मुदतीआधी काढता येणार नाही असं कलम घालून घ्यावं, आणि वाढीचा दर लिहून घ्यावा. मुदत संपल्यावर मात्र अडून बसण्यात अर्थ नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात तेव्हा दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. आणखी एक, जे हमखास राहून जातं: करारात नवरा-बायको दोघांची नावं हवीत. एकटा नवरा करारात असेल आणि तोच आधी गेला, तर तेराव्याच्या आत बायकोला नवा करार शोधत फिरायला लागू नये.

भाड्याने राहायचं ठरलं, तर रक्कम शिस्तीने गुंतवली गेली तरच वरचं गणित खरं ठरतं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत प्रत्येकाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, व्याज दर तिमाहीला खात्यात येतं. २०२४-२५ मध्ये दर ८.२ टक्के होता. योजना साठीनंतरची आहे, पण पंचावन्न ते साठमध्ये निवृत्त झालेल्यांनाही निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडता येतं. ही तीन महिन्यांची खिडकी पुष्कळांच्या हातून निसटते, कारण तेव्हा सत्कार आणि सहली चालू असतात. सगळं व्याज खर्चून टाकलं तर मात्र मुद्दल तिथेच थांबतं, आणि ६ टक्क्यांनी वाढणारं भाडं बारा वर्षांत दुप्पट होतं. म्हणून एक भाग शेअर बाजाराशी जोडलेल्या फंडात राहिलेला बरा.

तिसऱ्या वाटेने जायचं असेल, तर घर विकत घेण्याआधी त्या गावात अकरा महिने भाड्याने राहून पाहावं. इथे अकरा महिन्यांचा करारच बरोबर. त्यात एक पावसाळा जरूर यावा: जुलैत वीज किती वेळ जाते, रात्री अकराला रिक्षा मिळते का, हृदयरोगाचा डॉक्टर गावात आहे की आठवड्यातून एकदा पुण्याहून येतो. आणि मंगळवारी दुपारी चार वाजता बायकोला कोणाकडे जाऊन बसता येतं, हेही.