सांग्रिया कडू का होते? २० जणांच्या पार्टीसाठी वाइन, फळं आणि वेळेचं गणित

पार्टी ठरते, कुणीतरी एक रील पाठवतं. काचेच्या मोठ्या भांड्यात लालभडक वाइन, वर तरंगणाऱ्या संत्र्याच्या चकत्या, सफरचंदाचे तुकडे, भरपूर बर्फ. 'रात्रीच करून ठेवा, जितकी मुरेल तितकी भारी' असा सल्लाही सोबत असतो. मग कुणीतरी आदल्या रात्री सगळी फळं कापून वाइनमध्ये टाकतं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिल्या घोटालाच तोंड वाकडं होतं. सांग्रिया कडू झालेली असते, स्ट्रॉबेरीचा लगदा झालेला असतो आणि तळाशी साखर बसलेली असते.

असं होण्याचं कारण एकच. प्रत्येक फळ मुरायला वेगळा वेळ लागतो, पण आपण सगळी फळं एकाच वेळी टाकतो.

सांग्रिया म्हणजे नेमकं काय?

सांग्रिया हे स्पेन आणि पोर्तुगालचं पेय. वाइन, फळं, थोडी साखर आणि बहुतेक वेळा ब्रँडीसारखं एखादं कडक मद्य, असा हा साधा मेळ. स्पॅनिशमध्ये 'सांग्रे' म्हणजे रक्त. पेयाच्या लाल रंगावरून हे नाव पडलं, असं सांगितलं जातं. १९६४ च्या न्यूयॉर्क वर्ल्ड्स फेअरमध्ये स्पेनच्या दालनात ती मिळू लागली आणि अमेरिकेत तिची चर्चा झाली. युरोपियन युनियनच्या २०१४ च्या नियमांनुसार तिथे फक्त 'सांग्रिया' एवढंच नाव लावून विकायचं असेल, तर ते पेय स्पेन किंवा पोर्तुगालमध्येच बनलेलं असावं लागतं.

घरी करायला अर्थातच कुणाची हरकत नाही. वाइन, पाणी किंवा सोडा, फळं आणि साखर यांचं असं कोणतंही मिश्रण 'वाइन पंच' म्हणून चालतं आणि पुढचे नियम त्यालाही लागू पडतात.

वाइन कोणती घ्यायची?

'फळं आणि साखर घालायचीच आहे, मग कोणतीही वाइन चालेल' हा पहिला गैरसमज. महागडी बाटली लागत नाही हे खरं, पण चुकीची बाटली साखरेने झाकली जात नाही.

रेड वाइनमध्ये टॅनिन नावाचा घटक असतो. कोरा, जास्त उकळलेला चहा प्यायल्यावर जीभ आणि हिरड्या कोरड्या पडल्यासारख्या वाटतात, तोच हा प्रकार. वाइन थंड केली की हा तुरटपणा जास्त जाणवतो आणि सांग्रिया तर बर्फासोबतच प्यायची असते. त्यामुळे लाकडी पिंपात मुरवलेली, लेबलवर 'रिझर्व्ह' लिहिलेली दमदार कॅबर्ने सॉविन्यॉन इथे कामाची नाही. स्पेनमध्ये यासाठी टेम्प्रानियो किंवा गार्नाचा द्राक्षांची ताजी, हलकी वाइन वापरतात. आपल्याकडे नाशिक भागातली साधी, पिंपात न मुरवलेली शिराझ किंवा झिनफँडेल चालते. पांढरी सांग्रिया करायची असेल तर शेनिन ब्लाँ किंवा सॉविन्यॉन ब्लाँ घ्यावी.

गोव्याहून आणलेली गोड 'पोर्ट वाइन' घरात पडून असेल आणि तीच वापरायची असेल, तर वेगळी साखर घालू नये. तिच्यात आधीच भरपूर गोडवा असतो.

आणि महिनाभर उघडी राहिलेली बाटली? आधी वास घ्या. व्हिनेगर किंवा नेलपॉलिशसारखा वास आला तर ती सांग्रियात संपवण्याचा मोह टाळा. एका खराब बाटलीने पाच चांगल्या बाटल्या वाया जातात.

कोणतं फळ किती वेळ?

सांग्रियाचा सगळा खेळ इथे आहे. फळांचे सरळ तीन गट करता येतात.

पहिला गट टणक फळांचा. सफरचंद, नाशपती आणि द्राक्षं. ही पाच-सहा तास आरामात टिकतात. द्राक्षं मात्र अर्धी कापायला हवीत. अख्ख्या द्राक्षाच्या सालीतून वाइन आत फारशी शिरतच नाही. सफरचंद मुरलं की नाही हे ओळखायला एक तुकडा मधोमध कापून पाहा. कडेने जांभळट रंग चढलेला आणि आत अजून पांढरं असेल तर बरोबर. तुकडा आतपर्यंत रंगला असेल आणि बोटात मऊ लागत असेल, तर वेळ निघून गेली.

दुसरा गट मऊ फळांचा. स्ट्रॉबेरी, पीच, आंबा. ही प्यायच्या अर्धा तास आधी घालायची. जास्त वेळ राहिली तर विरघळून पेय गढूळ होतं. केळं आणि कलिंगड टाळलेलंच बरं. केळ्याचा लगदा होतो आणि कलिंगडाच्या पाण्याने चव फिकी पडते.

तिसरा गट संत्रं, मोसंबी आणि लिंबाचा. खरा गोंधळ इथेच होतो. संत्र्याच्या सालीच्या वरच्या रंगीत थरात सुगंधी तेल असतं आणि ते मद्यात छान उतरतं. पण त्याखालचा पांढरा थर आणि बिया कडू असतात. काही तास गेले की तो कडवटपणाही वाइनमध्ये उतरू लागतो. रात्रभर चकत्या ठेवल्या की सांग्रिया कडू होते ती यामुळे.

यावर उपाय असा की सुरुवातीला फक्त वरची रंगीत साल घालायची. सोलाण्याने हलक्या हाताने पातळ पट्ट्या काढायच्या. नागपुरी संत्र्याची साल सुटी असते, त्यामुळे फळ सोलण्याच्या आधीच पट्ट्या काढाव्यात, नंतर ते जमत नाही. दिसायला छान वाटतात त्या गोल चकत्या शेवटी घालायच्या.

रसालाही हाच नियम. मोसंबीचा रस काढून ठेवला की काही वेळाने कडवट लागतो, हे रसवंतीवर जाणाऱ्या अनेकांना माहीत असतं. म्हणून मोसंबीऐवजी संत्र्याचा रस घ्यावा आणि तोही ताजा, शेवटच्या टप्प्यात.

२० जणांसाठी हिशेब

प्रत्येकी दोन ग्लास, एका ग्लासात बर्फाशिवाय १५० मिली पेय, असं धरलं तर एकूण सहा लिटर लागतं. त्याची विभागणी अशी:

- रेड वाइन: ७५० मिलीच्या ५ बाटल्या, म्हणजे ३.७५ लिटर
- ब्रँडी: २५० मिली (नसली तरी चालते)
- साखरेचा पाक: २०० मिली (१२५ ग्रॅम साखर आणि १२५ मिली पाणी)
- संत्र्याचा रस: अर्धा लिटर
- साधा सोडा: सव्वा लिटर
- फळं: ४ सफरचंदं, अर्धा किलो द्राक्षं, पाव किलो स्ट्रॉबेरी, ४ संत्री (रसाची वेगळी)

साखर थेट घालू नये. थंड वाइनमध्ये ती नीट विरघळत नाही आणि तळाशी बसते. मग पहिले ग्लास आंबट आणि शेवटचे पाकासारखे गोड लागतात. म्हणून आधी पाक करून तो पूर्ण गार करून घ्यायचा.

पार्टी रात्री आठची असेल तर वेळापत्रक असं ठेवता येईल.

दुपारी २ वाजता: वाइन, ब्रँडी आणि अर्धा पाक एकत्र करा. सफरचंदाचे तुकडे, कापलेली द्राक्षं आणि दोन संत्र्यांच्या सालीच्या पट्ट्या घाला. झाकून फ्रीजमध्ये ठेवा. मे महिन्याच्या उकाड्यात हे मिश्रण ओट्यावर ठेवू नये, फळं आंबायला लागतात. भांडं काचेचं किंवा स्टीलचं हवं. पितळेचं, तांब्याचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं नको, कारण वाइन आणि फळांमधलं आम्ल धातूवर परिणाम करतं. एवढं मोठं भांडं फ्रीजमध्ये मावत नसेल तर दोन-तीन बरण्यांमध्ये वाटून ठेवा.

संध्याकाळी ७.३० वाजता: सालीच्या पट्ट्या काढून टाका. संत्र्याचा ताजा रस आणि स्ट्रॉबेरी घाला. उरलेल्या दोन संत्र्यांच्या चकत्या वर सोडा. आता चव घ्या आणि लागेल तसाच उरलेला पाक घाला.

रात्री ८ वाजता: थंडगार सोडा प्रत्येक ग्लासात वरून घाला, साधारण ३० मिली. सगळा सोडा भांड्यात ओतला तर अर्ध्या तासात बुडबुडे जातात. बर्फही ग्लासातच. भांड्यात टाकलेला बर्फ वितळला की दुसरा ग्लास पाणचट लागतो.

पांढरी सांग्रिया करताना तिची चव नाजूक असल्याने दोन ते तीन तास पुरतात.

कडू झालीच तर?

आधी चकत्या, साली आणि बिया काढून टाका, म्हणजे कडवटपणा वाढणार नाही. मग थोडा संत्र्याचा रस आणि पाक घाला. हलका कडूपणा यात झाकला जातो. पण रात्रभरात चांगलाच कडवटपणा उतरला असेल तर तो काढता येत नाही. अशा वेळी घरात न उघडलेली बाटली असेल तर ती मिसळून तीव्रता कमी करणं, एवढाच मार्ग उरतो.

'ज्यूससारखी लागते' हाच धोका

वाइनमध्ये १३ टक्के आणि ब्रँडीमध्ये सुमारे ४३ टक्के अल्कोहोल धरलं, तर वरच्या सहा लिटर पेयात सुमारे १० टक्के अल्कोहोल येतं. म्हणजे १५० मिलीचा एक ग्लास हा साधारण ११५ मिली निव्वळ वाइन प्यायल्यासारखाच असतो. साखर आणि रसामुळे ते जिभेला कळत नाही आणि लोक पाण्यासारखे ग्लास रिकामे करतात. ब्रँडी वगळली तर हे प्रमाण साडेआठ टक्क्यांच्या आसपास येतं. मोठ्या घोळक्यासाठी तोच पर्याय बरा.

दुसरी गोष्ट तळाच्या फळांची. पाच-सहा तास मुरलेल्या सफरचंदात आणि द्राक्षात मद्य शिरलेलं असतं. घरात लहान मुलं असतील तर ती 'फ्रूट सॅलड' समजून वाटीत घेऊ शकतात. मुलांसाठी आणि न पिणाऱ्यांसाठी द्राक्षाचा रस, सोडा आणि ताजी फळं घालून वेगळं भांडं करावं. ते लांब ठेवावं आणि त्यावर चिठ्ठी लावावी, कारण दोन्ही पेयं दिसायला सारखीच असतात.

महाराष्ट्रात वाइन पिण्यासाठी किमान वय २१ वर्षं आहे, पण ब्रँडीसारख्या कडक मद्यासाठी २५. म्हणजे कॉलेज संपवून नुकत्याच नोकरीला लागलेल्या ग्रुपच्या पार्टीत ब्रँडी घातलेली सांग्रिया अनेकांना कायद्यानेही चालणार नाही. आणि पाहुणे गाडी घेऊन आले असतील, तर भांडं फ्रीजमधून बाहेर काढण्याआधी परतीच्या कॅबचं ठरवून टाकायला हवं.