राउटर रीसेट करण्याआधी

लॅबच्या राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड कुणालाच आठवत नसेल, तर वाय-फायचा पासवर्ड टाकून बघण्यात अर्थ नाही. बहुतेक वेळा ते दोन वेगळे असतात. मग उरतं मागचं रीसेटचं छिद्र. राउटर चालू ठेवून त्यात पिन साधारण 10 सेकंद दाबली की दिवे लुकलुकतात आणि सेटिंग पुसली जातात. आता राउटरच्या खालच्या लेबलवरचा पासवर्ड चालतो.

पण त्यासोबत PPPoE चं युजरनेम-पासवर्डही जातं. लक्षण सोपं आहे: फोन वाय-फायला जोडला जातो, पण नेट येत नाही. हे खातं इंटरनेट कंपनीकडे असतं, रीसेटने ते बदलत नाही. म्हणून ते तपशील आधीच मागून घ्या. प्रिंटरला 192.168.1.50 हा पत्ता राउटरमध्येच राखून दिला असेल, तर तोही पुन्हा द्यावा लागेल.

वाय-फायचं जुनंच नाव, पासवर्ड आणि सुरक्षा-प्रकार ठेवलात, तर सगळ्यांचे फोन आपोआप जोडले जातील. मात्र अपडेट केलेलं फर्मवेअर सहसा तसंच राहतं. अपडेटमुळे आलेला बिघाड रीसेटने जाईल, असं धरून चालू नका.