उलटे हसू

मागच्या पावसाळ्यात आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर माझ्या भाचीचा निरोप आला. पहिल्या नोकरीसाठी ती सांगलीहून बंगळूरला गेली, त्याला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. तिने लिहिले होते : ‘घरमालक म्हणतात, महिनाअखेर खोली सोडा. लॅपटॉप बंद पडला. उद्या सकाळी साहेबांना काम दाखवायचे आहे. बाकी सगळे मस्त 🙃’

रात्रीचे पावणेबारा वाजले होते. सकाळी आजीने फुलांचे चित्र पाठवले, काकांनी अंगठा दाखवला आणि मी लिहिले, ‘अशीच हसत राहा, बाळा!’ पंधरा दिवसांनी कळले, की त्या रात्री तिच्या अंगात ताप होता आणि पुढचा सारा काळ तिने मैत्रिणीच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून काढला.

आम्ही निष्काळजी नव्हतो. आम्हाला तो चेहरा वाचता आला नव्हता.

जगातल्या सर्व लिप्यांची अक्षरे कोणत्याही यंत्रावर सारखीच ओळखली जावीत, म्हणून युनिकोड नावाची प्रमाणपद्धती आहे. तिच्यात अक्षरांप्रमाणेच या इमोजींनाही क्रमांक असतात. मंद स्मित करणारा साधा चेहरा U+1F642 या क्रमांकावर २०१४ मध्ये आला. २०१५ मध्ये लगतच्या U+1F643 या क्रमांकावर उलटा चेहरा आला. दिसायला तो तेच स्मित डोक्यावर उभे केल्यासारखा आहे. नीट निरखले तर एक गोष्ट ध्यानात येते. चेहरा उलटला, की स्मिताची रेषा कमानीसारखी होते, आणि दुःखी चेहऱ्याचे ओठ आपण असेच कमानीसारखे काढतो. एकाच रेषेत हसूही आहे आणि त्याचा विपर्यासही.

त्या चिन्हाचे अधिकृत नाव फक्त ‘उलटा चेहरा’ एवढेच सांगते. अर्थ वापरणाऱ्यांनी घडवला. कोणी तो निव्वळ थट्टेसाठी वापरतो, कोणी सौम्य टोमण्यासाठी. मात्र भोवती सारे बिघडत असताना ओढूनताणून आणलेला आनंद दाखवण्यासाठीही तरुण मंडळी तो वापरतात. ही रीत आपल्याला अनोळखी नाही. दूध उतू गेले, की आपणही म्हणतो, ‘वा, छान झाले!’ ऐकणाऱ्याला सूर कळतो. लिहिताना सूर हरवतो. त्याची जागा हा चेहरा घेतो.

मग सरळ रडणारा चेहरा का पाठवू नये? कारण रडणारा चेहरा काही मागतो. तो पाहून आई घाबरेल, वडील रात्रीची गाडी पकडतील, ही धास्ती पाठवणाऱ्याला असते. उलटे हसू संकट सांगते आणि त्याच क्षणी वाचणाऱ्याला मोकळेही करते. कोणी विचारले तर मन उघडता येते. कोणीच विचारले नाही, तर ‘गंमत केली’ असे म्हणून मागे फिरता येते. थोडक्यात, ती परत घेता येणारी तक्रार असते. आमच्या भाचीला ती परत घ्यावी लागली.

तिचा निरोप आज पुन्हा वाचते, तेव्हा तीन खुणा दिसतात. पहिली, शब्द आणि चेहरा यांचा मेळ नव्हता : तीन अडचणींपुढे एक हसू. दुसरी, ‘बाकी सगळे मस्त’ म्हणताना ‘बाकी’ असे काही उरलेलेच नव्हते. तिसरी, एवढ्या अडचणी सांगूनही तिने कोणाकडे काहीच मागितले नव्हते. एकट्या चिन्हावरून निष्कर्ष काढू नये, कारण तेच चिन्ह खेळकरही असते. या खुणा एकत्र आल्या, की मात्र थांबावे.

आणि विचारावे कसे? सगळ्यांसमोर ‘काय झाले ग? रडतेस का?’ असे विचारले, की ती अधिकच हसरी होते. ‘कशी आहेस?’ या प्रश्नाला ‘मजेत’ हे उत्तर तयारच असते. म्हणून गटाबाहेर, तिच्या एकटीशी बोलावे आणि प्रश्न नेमका असावा : ‘आज रात्री झोपणार कुठे? जेवलीस का? लॅपटॉप दुरुस्तीला पैसे पाठवू का?’ अशा प्रश्नांना हसून टाळणे कठीण असते. मदतीची सुरुवातही त्यातूनच होते.

गेल्या महिन्यात तिचा पुन्हा निरोप आला : ‘आजचा दिवस अप्रतिम 🙃’. मी तत्काळ फोन केला. पलीकडून हसण्याचा आवाज आला. ‘अग मावशी, कुकरची शिट्टी उडाली आणि वरण छताला लागले, एवढेच!’ मी उगाचच घाबरले होते. पण फोन ठेवण्याआधी ती जरा थांबून म्हणाली, ‘तू विचारलेस, बरे वाटले.’