चंद्रकळेचा काळा आणि हलव्याचा काटा

लग्नानंतरची पहिली संक्रांत शूट करायची म्हणजे एकाच चौकटीत दोन टोकं सांभाळायची. सुनेच्या अंगावर काळी चंद्रकळा, तिच्यावर हलव्याचे पांढरेशुभ्र दागिने. निऱ्या काळ्यातल्या काळ्यात ओळखू यायला हव्यात आणि दाण्यावरचा काटा पांढऱ्यातल्या पांढऱ्यात. मंद आचेवर थेंबथेंब पाक सोडून तो काटा आणायला घरातल्या कुणीतरी संध्याकाळच्या संध्याकाळी खर्ची घातलेल्या असतात. व्हिडिओत दागिने नुसते पांढरे ठिपके दिसले, तर तक्रार येणारच.

मी सांगलीत, विश्रामबागला एडिटिंग करतो. साताऱ्याचे काही शूटर हार्ड डिस्क पाठवतात. त्यांतल्या एकाने अशाच एका संक्रांतीचा तयार व्हिडिओ घेऊन फोन केला. "दादा, पहिली फाइल दिली तर काकू म्हणाल्या, साडी नुसता काळा गोळा दिसतीय, हलवा तर खडूगत झालाय. दुसरी दिली तर म्हणतात, चंद्रकळा राखाडी कशी केलीस? कॅमेरा खराब झाला का काय?"

कॅमेरा ठणठणीत होता. एकाच टाइमलाइनमधून दोन उलट्या चुका निघाल्या होत्या, आणि दोन्हींचं मूळ एकच.

आठ बिटच्या व्हिडिओत उजेडाला 0 ते 255 असे आकडे मिळतात. कॉम्प्युटरच्या पडद्यावर 0 म्हणजे पूर्ण काळा, 255 म्हणजे पूर्ण पांढरा. ही फुल रेंज. टीव्हीच्या परंपरेतला व्हिडिओ मात्र काळा 16 वर धरतो आणि पांढरा 235 वर. ही लिमिटेड रेंज. रंगाच्या आकड्यांची वरची हद्द 240 असते, पण आपलं काम उजेडाशी आहे. ही मधली पट्टी 1982 सालच्या सीसीआयआर 601 या शिफारशीतून आली. योगायोग असा, की दूरदर्शन रंगीत झालं तेही त्याच वर्षी. त्या काळी सिग्नल अॅनलॉग फिल्टरमधून जाताना कडांवर थोडा वरखाली उसळायचा, म्हणून दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडलेली. आज ती अॅनलॉग साखळी फारशी उरलेली नाही, पण नियम राहिला, आणि बहुतेक सगळा व्हिडिओ अजून त्याच पट्टीत चालतो.

लिमिटेडमध्ये काहीतरी कमी मिळतं आणि फुलमध्ये जास्त, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. एक्स्पोर्टच्या यादीत 'Full' दिसलं की हात आपोआप तिकडे जातो. खरं तर प्लेअर लिमिटेड फाइल दाखवताना 16 चा 0 करतो, 235 चा 255 करतो आणि मधलं सगळं त्याच प्रमाणात ताणतो. पाहणाऱ्याला चित्र पूर्ण काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंतच दिसतं. अट एवढीच, की आत कोणते आकडे आहेत हे प्लेअरला खरं कळायला हवं. ते त्याला फाइलमधल्या एका छोट्या खुणेवरून कळतं. बरणीवर चिठ्ठी मिठाची आणि आत साखर, असं झालं की बिघडतं.

पहिल्या फाइलची चिठ्ठी आधी वाचली:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=pix_fmt,color_range -of default=nw=1 sankrant1.mp4
```

उत्तर आलं:

```
pix_fmt=yuv420p
color_range=tv
```

`tv` म्हणजे लिमिटेड, `pc` म्हणजे फुल. इथे `unknown` आलं, तर बहुतेक प्लेअर लिमिटेडच धरून चालतात. चिठ्ठी लिमिटेडची आहे हे कळलं. आत काय आहे ते पाहायला फाइल रिझॉल्व्हमध्ये घेतली आणि वेव्हफॉर्म उघडला. हा आलेख चित्रातला उजेड खालून वर मांडतो. रिझॉल्व्हमध्ये तो 0 ते 1023 असा असतो. चंद्रकळेच्या जागी तळाला एक जाड, चमकदार रेघ बसलेली होती, वर खुलायलाच तयार नाही. हलव्याच्या जागी तशीच रेघ छताला. मग क्लिपवर उजवं बटण दाबून Clip Attributes मध्ये Data Levels 'Auto' होतं, ते 'Full' केलं. तळाची रेघ सुटली आणि तिच्यातून निऱ्यांचे बारीक बारीक धागे वर आले. चित्रात पाहिलं, तर पदराची घडी दिसत होती आणि गळ्यातल्या हारावर काटा उभा होता.

म्हणजे आत आकडे फुलचे होते. शूटरने एक्स्पोर्टच्या Advanced Settings मध्ये Data Levels 'Full' ठेवलं होतं, आणि ती फाइल आणखी एका सॉफ्टवेअरमधून लहान करून घेतली होती. तिथे चिठ्ठी बदलली असावी. प्लेअरने चिठ्ठीवर विश्वास ठेवून आकडे ताणले. निऱ्यांमधली सावली 8 किंवा 12 वर असेल, तर ती 16 च्या खाली, म्हणजे सगळी सपाट 0. हलव्याची चमक 240 वर असेल, तर ती 235 च्या वर, म्हणजे सपाट 255. मधल्या 40 चासुद्धा 28 झाला. म्हणून चेहरेही जरा जास्त करकरीत दिसत होते. आमच्या धंद्यात याला 'ब्लॅक बसले' म्हणतात.

अशा वेळी नुसती चिठ्ठी बदलता येते. चित्राला हात लागत नाही, पुन्हा एन्कोड होत नाही, दोन मिनिटांत काम होतं:

```
ffmpeg -i sankrant1.mp4 -c copy -bsf:v h264_metadata=video_full_range_flag=1 tapas.mp4
```

ही फाइल माझ्या कॉम्प्युटरवर व्यवस्थित दिसली. तरी ती गिऱ्हाइकाला द्यायची नव्हती. घरोघरचे टीव्ही, पेनड्राइव्हवरून चालणारे प्लेअर, जुने फोन यांतले कितीतरी ती चिठ्ठी वाचतच नाहीत, सरसकट लिमिटेड धरतात. तिथे साडी पुन्हा गोळा झाली असती. आपला अंदाज बरोबर आहे का, हे पडताळण्यापुरतीच ही युक्ती.

दुसऱ्या फाइलची गोष्ट उलटी. साडी काळी गोळा दिसते म्हटल्यावर शूटरने टाइमलाइनवर जाऊन कॅमेऱ्याच्या क्लिपच Clip Attributes मध्ये 'Full' केल्या. त्या मुळात लिमिटेड होत्या. आता सॉफ्टवेअरने त्यांचे आकडे न ताणता जसेच्या तसे घेतले. खरा काळा 16 वर होता, तो 16 वरच राहिला आणि गडद राखाडी झाला. पांढरा 235 वर अडला. एक्स्पोर्ट या वेळी 'Video' वर होता, त्यामुळे फाइलमध्ये काळा साधारण 30 वर आणि पांढरा 218 वर गेला. वेव्हफॉर्ममध्ये हे एका नजरेत ओळखू येतं. चित्राचा तळ 64 वर तरंगतो आणि छत 940 ला थांबतं. 16 आणि 235 यांची ती दहा बिटांतली रूपं. हे दोन आकडे दिसले की पुढे शोधायचं काही कारण नाही.

वेव्हफॉर्म नसलेल्याने काळ्या पाटीवरचं टायटल पाहावं. व्हिडिओ प्लेअरमध्ये अशा आकाराने उघडायचा, की बाजूला प्लेअरच्या स्वतःच्या काळ्या पट्ट्या येतील. त्या पट्ट्या अस्सल 0 असतात. टायटलची पाटी त्यांच्यात मिसळून गेली तर एक्स्पोर्ट फिकट झालेला नाही, पण क्लिपवरची रेंजची चूक किंवा बसलेले ब्लॅक या पाटीवर कळत नाहीत. पाटीचा चौकोन राखाडी होऊन वेगळा उठून दिसला, तर एक्स्पोर्टची रेंज चुकली. मॅकवर कधीकधी चित्र फिकट दिसतं, पण ही पाटी काळीच राहते. तो गॅमाचा प्रश्न, तिथे मधले रंग हलतात आणि टोकं जागेवर असतात. दोघांची गल्लत झाली की नको तिथे दुरुस्ती होते.

या व्हिडिओत रेंजची चूक लपायला एक जागाही मिळाली होती. सुरुवातीला जोडप्याचे कासच्या पठारावरचे शॉट होते, पावसाळ्यातले. धुक्यात मुळात खरा काळाच नसतो. तिथे रेंज चुकली, तर धुकं जरा दाट वाटतं, लोक उलट 'काय मूड आलाय' म्हणतात. शूटरने एक्स्पोर्ट तपासला तो नेमका पहिलं मिनिटभर. तपासायचं तर सर्वांत काळी वस्तू असलेल्या शॉटवर जाऊन तपासावं.

आणखी एक गाठ त्या कासच्या शॉटमध्येच होती. त्यांतले दोन अॅक्शन कॅमेऱ्याने घेतलेले. अशा कॅमेऱ्यांच्या फाइलवर ffprobe बऱ्याचदा `yuvj420p` आणि `pc` दाखवतो, म्हणजे त्या खऱ्याखुऱ्या फुल असतात. एका टाइमलाइनवर दोन जातींच्या क्लिप आल्या, की सगळ्या निवडून एकदम 'Full' किंवा एकदम 'Video' करणारा माणूस कुणावर तरी अन्याय करतोच. मी सगळ्या 'Auto' वर नेल्या. प्रत्येकीची चिठ्ठी बरोबर होती, त्यामुळे आपोआप जागेवर बसल्या. एक्स्पोर्ट 'Video' वर मारला. ग्रेडिंगला हात लावला नाही.

हे शेवटचं मुद्दाम सांगतो. फिकट चित्र दिसलं की एडिटर कॉन्ट्रास्ट वाढवतो, आणि फिकट क्लिपवर ते जमूनही जातं, कारण आतली माहिती शाबूत असते, फक्त आखडलेली. पण तोच कॉन्ट्रास्ट साऱ्या टाइमलाइनवर टाकला, तर धड असलेल्या क्लिपचे ब्लॅक बसतात.

साताऱ्यात कार्यालयात व्हिडिओ दाखवताना मात्र फाइल निर्दोष असून पुन्हा फिकट दिसली. लॅपटॉपपासून टीव्हीपर्यंत एचडीएमआयची वायर होती. मी शूटरला फोनवर विचारलं, "व्हिडिओ बंद करून नुसता डेस्कटॉप बघ. तोही धुरकट आहे का?" तोही धुरकट होता. म्हणजे दोष फाइलचा नव्हता. लॅपटॉप लिमिटेड पाठवत होता आणि टीव्ही फुल समजून घेत होता. ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये Output dynamic range 'Full' केल्यावर डेस्कटॉप आणि चंद्रकळा दोन्ही काळी झाली. फक्त व्हिडिओची खिडकी फिकट आणि बाकी पडदा ठीक असता, तर फाइलकडे पाहावं लागलं असतं.

काकूंच्या घरी पेनड्राइव्हवर आणखी एक प्रत होती. टीव्हीवर चालावी म्हणून पहिल्या फाइलवरून कुणीतरी पुन्हा कन्व्हर्ट केलेली. तिची चिठ्ठी बदलून पाहिली, Data Levels दोन्हीकडे फिरवून पाहिले. निऱ्या आल्या नाहीत. कन्व्हर्ट करताना 16 च्या खालचे आकडे कापून नवी फाइल लिहिली गेली होती, आता तिथे उघडायला काही उरलेलंच नव्हतं. फिकट फाइल दुरुस्त होते, अशी बसलेली प्रत होत नाही.

म्हणून शूटर मंडळींना एक विनंती. एक्स्पोर्ट दिला म्हणून कार्ड लगेच फॉरमॅट करू नका. काकूंनी आपल्या घरच्या टीव्हीवर साडी पाहून 'काळी आहे' असं म्हटल्यावर करा.